ब्रश पेनने देवनागरी: दाब, रेघांचा क्रम आणि ‘तर्री’ हा एकच शब्द

ब्रश पेन हातात घेतलं की पहिल्याच दिवशी एक नियम कानावर पडतो: खाली येताना जाड, वर जाताना बारीक. इंग्रजी अक्षरांना तो पुरतो, कारण जोडून लिहिताना तिथे हात सारखा वर-खाली फिरतो. देवनागरीत वर जाणारी रेघ शोधावी लागते. ‘न’, ‘त’, ‘र’ लिहून बघा. हात एकतर खाली येतो, नाहीतर आडवा जातो, नाहीतर वळतो. आडव्या रेघेला किती दाब द्यायचा आणि वळणावर तो नेमका कुठे वाढवायचा, याचं उत्तर त्या नियमात नाही. नवशिक्यांची अक्षरं बिघडतात ती बहुतेक याच दोन जागी.

बोरू किंवा कट निब वापरलेल्यांना आणखी एक सवय सोडावी लागते. बोरूत जाडी टोकाच्या कापातून येते. देवनागरीसाठी तो काप रोमनच्या उलट बाजूला तिरपा असतो, आणि बोरू एका कोनात धरून ठेवला की जाड-बारीक आपसूक उमटतं. ब्रश पेनच्या टोकाला काप नसतो, ते निमुळतं आणि लवचीक असतं. टेकवलं तर केसासारखी रेघ येते, दाबलं की टोक आडवं होऊन त्याचं पोट कागदाला लागतं आणि रेघ रुंदावते. म्हणजे जाडी कुठे यावी हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

त्यासाठी तीन दाब पक्के करा, सुरुवातीला चौथा नको. उभ्या दंडाला पूर्ण दाब, शिरोरेषेला मधला दाब, आणि एका भागातून दुसऱ्या भागात नेणाऱ्या रेघेला नुसता स्पर्श. पुढचं सगळं या तिघांवर चालतं.

पेन आणि कागद

पहिलं पेन बारीक आणि कडक टोकाचं घ्या. लांब, मऊ टोकाची रंगीत पेनं दिसायला मोहक असतात, पण त्यांना थोड्याशा दाबाने खूप जाडी येते आणि नवा हात ती आवरू शकत नाही. टोंबोचं फुडेनोसुके कडक टोकात मिळतं, पेंटेलचं साइन पेन ब्रश टोकात मिळतं. दोन्ही सुरुवातीला चांगली. डोम्स आणि कॅमलिनचे ब्रश पेनचे संच नागपुरात बर्डीवर किंवा महालात स्टेशनरीच्या दुकानांत विचारले तर मिळतील. त्यांचं टोक मोठं असतं, म्हणून अक्षरही मोठं काढावं लागतं, एवढं लक्षात ठेवा. खऱ्या केसांच्या टोकाचं पेन मात्र निदान सहा महिने तरी नको. फेल्टचं टोक दाब सोडला की स्वतः सरळ होतं. केसांचं टोक हाताने सरळ करत राहावं लागतं.

पेनापेक्षा कागदावर जास्त अडतं. झेरॉक्सचा नेहमीचा ७० किंवा ७५ जीएसएमचा कागद बोटाला गुळगुळीत लागतो, पण टोकासाठी तो बारीक सॅंडपेपरच. आठवडाभरात फेल्टचे तंतू सुटतात, टोकाला केस फुटल्यासारखं होतं आणि बारीक रेघ मग येतच नाही. लेझर प्रिंटरसाठीचा ९० ते १०० जीएसएमचा गुळगुळीत कागद घ्या, नाहीतर त्याहून सोपं म्हणजे ट्रेसिंग पेपर. ट्रेसिंग पेपरखाली आखलेला एकच कागद ठेवला की रोज आखणी करायला नको, आणि टोकही टिकतं. शाई त्यावर उशिरा वाळते, तेवढं सांभाळा.

नागपूरच्या उन्हाळ्यात एक गंमत होते. कूलरच्या झोतात बसून लिहिलं की तोच कागद सकाळी एक वागतो आणि दुपारी दुसरं. कूलरची हवा दमट असते. कागद ती शोषतो, सैल पडतो आणि रेघेच्या कडांना बारीक मुळ्या फुटतात. दोष पेनाचा वाटतो, असतो ओलाव्याचा. कूलर बाजूला वळवा, आणि न लागणारे कागद प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये बंद ठेवा. पावसाळ्यातही हीच काळजी. पेन मात्र गाडीच्या डिकीत कधीच नको. मे महिन्यात तिथे ते तापतं आणि शाई टोपणात उतरते. पेन आडवं ठेवा, टोपण टक् वाजेपर्यंत लावा.

पेन धरणं

लिहिताना बॉलपेन आपण बऱ्यापैकी उभं धरतो. ब्रश पेन तसं धरलं की दाब टोकाच्या अणीवर येतो, टोक चेपतं आणि रेघ रुंद होतच नाही. पेन कागदाशी साधारण ४५ अंशांवर झुकलेलं हवं, टोकाचं तोंड वर-डावीकडे आणि हात खाली-उजवीकडे. टोकापासून अडीच-तीन सेंटीमीटर मागे धरा. मग दंड काढताना टोक ओढलं जातं. ओढलेलं टोक कधी बिघडत नाही, ढकललेलं बिघडतं. म्हणूनच वर जाणाऱ्या रेघेला नुसता स्पर्श द्यायचा: दाबून वर ढकललं तर तंतू उलटे वाकतात आणि परत सरळ होत नाहीत.

डावखुऱ्यांना उभा दंड जड जात नाही, शिरोरेषा जाते, कारण डावीकडून उजवीकडे जाताना टोक ढकललं जातं. त्यांनी शिरोरेषा सरळ उजवीकडून डावीकडे काढावी. वाचणाऱ्याला ती कुठून काढली ते कळत नाही.

आखणी पेनावरून काढायची

वहीच्या ओळींवर अक्षर बसवायला जाऊ नका. आधी पेन पूर्ण दाबून चार-पाच उभ्या रेघा काढा आणि पट्टीने त्यांची रुंदी मोजा. त्या रुंदीच्या सातपट म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंतची अक्षराची उंची. पेन २ मिलिमीटर जाडी देत असेल तर उंची १४ मिलिमीटर. वेलांटी, मात्रा, रफार यांच्यासाठी वर ७ आणि उकारासाठी खाली ७ मिलिमीटर सोडा. पेन १ मिलिमीटरचं असेल तर सगळं निम्मं.

ही उंची चुकली की बाकी कितीही बरोबर असलं तरी अक्षर बिघडतं. उंची कमी पडली तर गाठी बुजतात, ‘म’ आणि ‘भ’ नुसते डाग दिसतात. जास्त झाली तर दंड काडीसारखे दिसतात आणि हात नकळत जास्त दाबू लागतो.

गिरवण्याचे चार प्रकार

दिवसाला वीस मिनिटं, एक कागद, कोपऱ्यात तारीख. एका बैठकीत चारही प्रकार करायचे, पण पहिल्या आठवड्यात निम्मा वेळ पहिल्यालाच द्या.

पहिला प्रकार उभ्या दंडाचा. टोक शिरोरेषेवर टेकवा, जागच्या जागी दाबा, हवी तेवढी रुंदी दिसली की मग खाली या. पायाशी थांबा आणि पेन सरळ वर उचला. हे तीन वेगळे क्षण आहेत: दाबणं, उतरणं, उचलणं. बहुतेक जण पेन हवेतून खाली येतानाच उतरायला लागतात, आणि दंडाचं डोकं गाजराच्या शेंड्यासारखं टोकदार होतं. १४ मिलिमीटरचा दंड ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत उतरला पाहिजे. त्याहून भराभर ओढला तर शाई पुरत नाही आणि दंडाच्या अंगावर पांढऱ्या रेघा दिसतात. दहा दंडांची एक ओळ, अशा तीन ओळी. मग कागद उलटा धरून बघा. सरळ धरलेल्या कागदावर डोळा चुका माफ करतो. उलट्यावर कुठला दंड कलला आहे, कुठला मध्येच बारीक झाला आहे, ते लगेच कळतं.

दुसरा प्रकार आडव्या रेघेचा. मधल्या दाबाने सहा-सात सेंटीमीटरची रेघ, दंडाच्या साधारण निम्म्या जाडीची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी. ही रेघ बोटांनी काढायला गेलात तर ती कमानीसारखी वाकते, कारण बोटं मनगटाभोवती फिरतात. मनगट टेबलावरून उचला आणि कोपरापासून हात सरकवा. इथे हात थरथरतो तो घाबरून नव्हे, रेघ फार हळू काढल्यामुळे. दंडाला जेवढा संथपणा लागतो तेवढा इथे नको.

तिसऱ्या प्रकाराला सगळ्यात जास्त दिवस लागतात. डावीकडे फुगलेला अर्धगोल, म्हणजे ‘त’चं पोट. उजवीकडून स्पर्शाने निघायचं, डावीकडे वळायचं, खाली येताना दाब वाढवत पूर्ण करायचा आणि तळाशी वळण सुरू होण्याआधीच तो सोडायला लागायचं. सगळा भर या ‘आधीच’ वर आहे. रेघ सगळ्यात जाड दिसायला हवी ती अर्धगोलाच्या डाव्या कडेच्या मध्यावर. दाब वळण झाल्यावर सुरू केला तर जाडी खाली घसरते आणि अक्षर ढेरपोटं दिसतं. एकदम दिला तर मध्येच फोड आल्यासारखा उंचवटा येतो. सराव असा करा: आधी पेन्सिलीने अर्धगोल काढा, त्याच्या डाव्या मध्यावर एक ठिपका द्या, आणि पेन त्या ठिपक्यापर्यंत पोचेल तेव्हाच दाब पूर्ण होईल असं बघा. शंभर अर्धगोलांनंतर ठिपका लागत नाही.

चौथा प्रकार कमानीचा, वेलांटीसाठी. डावीकडून स्पर्शाने वर चढायचं, माथ्यावरून वळायचं आणि उतरताना दाब वाढवत उभ्या दंडात उतरायचं. देवनागरीत ‘वर बारीक, खाली जाड’ हा नियम जसाच्या तसा लागू पडतो तो इथे. माथ्यावर दाब शून्याजवळच हवा. माथा जाड झाला तर वेलांटी छत्रीच्या मुठीसारखी दिसते.

‘तर्री’

आता एक शब्द. पोह्याच्या ठेल्यावरच्या पाटीवर शोभणारा, आणि वरचे चारही प्रकार ज्यात येतात असा. उंची १४ मिलिमीटर, पेनाची जाडी २ मिलिमीटर धरू. पेन्सिलीने शिरोरेषा, पाया आणि वरची ७ मिलिमीटरची रेघ आखून घ्या.

‘त’ पासून सुरुवात. दंड जिथे येणार तिथे पेन्सिलीची हलकी खूण करा. त्या खुणेवर, उंचीच्या साधारण मध्यावरून, पेन स्पर्शाने डावीकडे न्या, अर्धगोलाने खाली वळवा, डाव्या मध्यावर पूर्ण दाब, आणि तळाशी उजवीकडे येताना बारीक करत सोडून द्या. मग खुणेवर दंड, शिरोरेषेपासून पायापर्यंत. पोट आधी आणि दंड नंतर काढायचा, त्याला कारण आहे. दंड आधी काढला तर त्याच्या ओल्या कडेवरून पोटाची बारीक रेघ निघते आणि टोक ती शाई सोबत ओढतं. सांध्यात मग काळा थेंब बसतो. उलट क्रमात दंडच पोटाच्या सुरुवातीवरून जातो आणि सांधा झाकतो.

‘र’ला दंड नाही, म्हणून तो ‘त’पेक्षा अरुंद ठेवा. ‘त’च्या दंडापासून दोन दंडांएवढी जागा सोडून शिरोरेषेवरून मधल्या दाबाने खाली या, किंचित उजवीकडे फुगून डावीकडे आत या. मध्याच्या जरा खाली हात थांबतो, तिथे दाब पूर्ण सोडा, पण पेन उचलू नका. तिथूनच उजवीकडे खाली तिरका पाय निघतो: सुरुवातीला स्पर्श, मध्ये जवळजवळ पूर्ण दाब, आणि पायाशी पोचताना पुन्हा निमुळता. हा दाब सोडण्याचा क्षण चुकवला तर ‘र’च्या कमरेत गोळा होतो. नवशिक्यांच्या वह्यांत सगळ्यात जास्त दिसणारा डाग हाच.

आता दीर्घ वेलांटी. ‘र’च्या पायाच्या टोकापासून एका दंडाएवढी जागा सोडून काना कुठे येणार त्याची खूण करा. ही खूण विसरली तर काना ‘र’च्या पायावर आदळतो. कमान ‘र’च्या डोक्यावरून, शिरोरेषेला टेकून, स्पर्शाने वर चढते, वरच्या ७ मिलिमीटरच्या रेघेला जेमतेम पोचते, वळते, आणि उतरताना दाब घेत शिरोरेषा ओलांडून कान्याच्या पूर्ण जाडीत जाते. एका श्वासात, पेन न उचलता. जमत नसेल तर कमान आणि काना वेगळे काढायला काही हरकत नाही, जोड शिरोरेषेखाली लपतो. पण तेव्हा काना आधी काढा आणि कमान त्याच्या डोक्यात उतरवा.

मग रफार. ‘र्री’मध्ये तो ‘र’वर बसत नाही, वेलांटीच्या कान्यावर बसतो, आणि गर्दी होते ती इथेच: कमान उतरते तिथेच रफारही टेकायचा असतो. रफार म्हणजे उजवीकडे तोंड उघडं असलेला छोटा अर्धगोल. कमानीच्या उंचीच्या निम्म्याहून मोठा करू नका. वरून सुरू करा, डावीकडून वळसा घेत खाली या आणि कान्याच्या डोक्यावर टेका. दाब मधलाच, पूर्ण नको. कमान आणि रफार यांच्यामध्ये पांढरी जागा दिसलीच पाहिजे. ती बुजली की पाटी लांबून ‘तरी’ वाचली जाते, आणि नागपुरात तो अर्थाचा अनर्थ आहे.

सगळ्यात शेवटी शिरोरेषा, आणि तीही दहा-पंधरा सेकंद थांबून. दंडांची डोकी ओली असताना त्यांवरून टोक फिरवलं तर शाई पुढे घासत जाते आणि कागदाचा भुगा टोकाला चिकटतो. ट्रेसिंग पेपरवर दुप्पट थांबा. ‘त’च्या डावीकडे किंचित बाहेरून सुरू करून कान्याच्या उजवीकडे किंचित बाहेरपर्यंत एकच सलग रेघ. शाळेतही शिरोरेषा शेवटीच देतात, पण इथे तिचा जास्तीचा उपयोग आहे: दंडांची डोकी थोडी वरखाली झाली असतील तर ती त्यांना एका पातळीत आणते. फार वरखाली असतील तर ती काही लपवत नाही. लांब शब्दात सलग रेघ जमत नसेल तर दंडाच्या डोक्यावर थांबा आणि तिथूनच पुढे चला. दोन दंडांच्या मध्ये कधीच थांबू नका, कारण तिथला जोड लपत नाही. ‘थ’, ‘ध’ आणि ‘भ’ असलेल्या शब्दांत शिरोरेषा त्यांच्या डाव्या भागावर तुटते, हे आधीच पेन्सिलीने खुणावून ठेवा.

शब्द एका कागदावर पाच वेळा लिहा, पन्नास वेळा नाही. पाचवा झाला की पहिल्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून तुलना करा आणि एकच गोष्ट पकडा: दंडांची जाडी सारखी आहे का? नसेल तर दुसऱ्या दिवशी पहिला प्रकार दुप्पट. ती सारखी असेल तर पुढचं, म्हणजे ‘त’च्या पोटाचं जाड ठिकाण. अंतरं सगळ्यात शेवटी तपासा, कारण दंड सारखे नसताना अंतर चुकलं आहे की जाडी, हे डोळ्याला कळत नाही.

टोक एका बाजूने चेपल्यासारखं वाटलं तर पेन बोटांत फिरवून दुसरी बाजू वापरून बघा. बारीक रेघ तरीही येत नसेल तर ते पेन शिरोरेषेसाठी ठेवा, तिथे मधलाच दाब लागतो. रफार, कमानी आणि ‘त’ची पोटं यांना नवं पेन द्या.

तर्री जमली की पुढे पोहे. ‘पो’ सोपा आहे: ‘प’चं पोट उथळ ठेवा, आणि मात्रा वरून तिरकी खाली कान्याच्या डोक्यात आणा, दाब वाढवत. ‘ह’ला मात्र वेगळा आठवडा द्या. त्याची रेघ एकाच अक्षरात दोनदा दिशा बदलते, आणि प्रत्येक वळणावर दाब ‘र’च्या कमरेसारखा सोडावा लागतो.